पाच सेंटिमीटर खडी

दोरी खोटं बोलत नाही, हे ताईला माहीत होतं. म्हणून तिने दोरीवर संशय न घेता सरळ माणसांवर घ्यायला सुरुवात केली.

गेटपासून गॅरेजपर्यंत तीस मीटर लांब, चार मीटर रुंद रस्ता. दोन्ही कडांना खुंट्या, खुंट्यांवर ताणलेली दोरी, आणि ती दोरी म्हणजे तयार रस्त्याचा माथा. आठ सेंटिमीटरचा पेव्हर ब्लॉक, त्याखाली चार सेंटिमीटर रेती. म्हणजे रोलर फिरवून दाबलेल्या खडीपासून दोरी बारा सेंटिमीटरवर हवी. ताईने टेप लावला. सतरा. चार पावलं पुढे जाऊन लावला. सतरा. गॅरेजच्या दारात, गेटच्या तोंडाशी, मधे, कडेला, जिथे लावेल तिथे सतरा. एखाद्या ठिकाणी खड्डा असता तर रोलरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून ती मोकळी झाली असती. पण हा खड्डा नव्हता. अख्खा रस्ताच पाच सेंटिमीटर खाली बसला होता.

"खोदाई जास्त झाली असेल," धाकटा म्हणाला. धाकटा म्हणजे तिचा पाठचा भाऊ. बाबा गेल्यापासून धंदा दोघांचा होता, निदान पाटीवर तरी.

"खोदाई मी मोजली होती. माझ्या हाताने. बत्तीस म्हणजे बत्तीस. तुझ्यासारखी डोळ्यांनी नाही मोजत मी."

"मग खडी कमी पडली."

"कमी पडली म्हणजे काय? आपोआप पडते का कमी? आपण वीस सेंटिमीटरची मागवली आणि पंधरा आली. बाकीची कुठे गेली, वाफ होऊन उडाली?"

धाकट्याने खांदे उडवले. त्याचं ते खांदे उडवणं पाहिलं की ताईच्या टाळूपासून तळपायापर्यंत आग पेटत असे. रोलरवाला लगेच इंजिनाखाली काहीतरी बघायला वाकला. तो फार शहाणा माणूस होता.

घर दोन डॉक्टर बहिणींचं होतं. घरामागे पाण्याची मोठी टाकी होती आणि तिच्यापर्यंत भरलेला टँकर याच रस्त्याने जाणार होता, म्हणूनच वीस सेंटिमीटरचा थर ठरला होता. साधी गाडी असती तर पंधरावर भागलं असतं. टँकरखाली पंधरावर टाकलेले ब्लॉक वर्षभरात चाकाच्या रेषेत खचले असते, आणि मग त्या रस्त्याकडे बोट दाखवून लोक कुणाचं नाव घेणार? खाणीचं नाही. ताईचं.

"एक करू," धाकटा आवाज खाली आणून म्हणाला. "रेती चारच्या जागी नऊ टाकू. वरून सगळं सपाट दिसेल. कुणाला कळतंय?"

ताईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो एक पाऊल मागे सरकला. "नऊ सेंटिमीटर रेतीवर टँकर नाचवणार आहेस? रेती चाकाखालून दोन्ही बाजूंना पळते, एवढं तरी कळतं का तुला? बाबांच्या धंद्यात आलास कशाला? रांगोळीचं दुकान टाकायचं होतंस."

खडी तीन खेपांत आली होती. दर खेपेला तेरा टन, मिळून एकोणचाळीस. तिन्ही खेपा डंपरमामाने आणल्या होत्या. मामा कुणाचा सख्खा मामा नव्हता. खाणीवर तो बाबांच्या काळापासून डंपर चालवत होता आणि साइटवर सगळेच त्याला मामा म्हणत. वजनकाट्याच्या तिन्ही पावत्यांवर वजन बरोबर होतं. म्हणजे खाणीतून खडी पुरी निघाली होती आणि साइटवर अपुरी पोचली होती. मधे फक्त रस्ता होता आणि रस्त्यावर मामा.

आणि तिसरी खेप उशिरा आली होती. चांगलीच उशिरा. "टायर बसला गं पोरी," असं म्हणत तो खाली उतरला होता आणि ताईने तेव्हा त्याला पाणी दिलं होतं. आता ते पाणी तिला आठवलं आणि स्वतःच्या भोळेपणाचा तिला असा काही राग आला की डोळ्यांत पाणीच यायचं बाकी राहिलं. टायर बसला! तिन्ही खेपांतून थोडी थोडी खडी वाटेत कुणाच्या तरी अंगणात ओतायची, आणि वर तोंड करून पोरी म्हणायचं. घरच्या माणसाने गळा कापला की जास्त दुखतं, कारण मान आपणच पुढे केलेली असते.

तिने तिथेच, खडीवर उभ्या उभ्या, खाणमालकाला फोन लावला.

"तुमचा मामा चोर आहे," ती म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "तिन्ही खेपांत माल मारलाय. माझ्या बाबांचं मीठ खाल्लेला माणूस, आणि माझ्याच साइटवर हात मारतो! लाज वाटत नाही म्हातारपणी? मी ठोकून सांगते, चोर आहे तो."

पलीकडे यंत्रांच्या खडखडाटात मालकाने सगळं ऐकून घेतलं. मग मालक म्हणाला, "बाई, तो इथेच आहे, माझ्यासमोर. फोन स्पीकरवर आहे. काट्यावर गाड्यांची रांग आहे, सगळ्यांनी ऐकलं."

"ऐकू देत की! बरंच झालं."

"बरं," मालक म्हणाला. "चावी काढून घेतो त्याची. असा माणूस मलाही गाडीवर नको. पण मला आकडा द्या. किती टन गेला तेवढं नक्की सांगा, म्हणजे त्याला काय सांगायचं ते सांगून घरी पाठवतो. नुसतं चोर म्हणून चालत नाही."

मागे मामाचा आवाज आला नाही. एक शब्दसुद्धा नाही. ताईने त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. खरा असता तर ओरडला नसता का?

"आकडा देते," ती म्हणाली. "असा देते की नाकारता येणार नाही."

धाकटा गॅरेजच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होता. "ताई, जरा घाई नाही का झाली?" तो म्हणाला.

"तू गप्प बस. तुझ्यासारख्यांच्या मऊपणामुळेच लोक डोक्यावर बसतात."

आता आकडा हवा होता. जमिनीत किती खडी आहे हे कळलं, की एकोणचाळीसातून ते वजा करायचं. उरेल ते मामाच्या पोटात. दाबलेल्या खडीचं वजन काढायची रीत तिला माहीत होती. सरकारी कामांवर तिने ती पाहिली होती, मोठ्या सामानाने करतात. तिने घरच्या सामानाने करायची ठरवली.

रस्त्याच्या बरोबर मध्यावर तिने छिन्नी आणि हातोडी घेऊन खड्डा खणायला घेतला. ताटाएवढा गोल, थेट खालच्या मातीपर्यंत. खडी हट्टी होती. रोलरने तिला इतकं घट्ट बसवलं होतं, एकेका खड्याच्या फटीत बारीक चुरी अशी ठासली होती, की छिन्नी दर घावाला उडत होती. ताई घाव घालत होती आणि दर घावाला मनातल्या मनात मामाला एकेक शिवी देत होती. निघालेला प्रत्येक खडा, प्रत्येक चिमूट चुरी ती जवळच्या दहा लिटरच्या बादलीत टाकत होती.

बादली भरली. खड्ड्यात अजून खडी होती.

तिने घमेलं ओढलं आणि उरलेली त्यात टाकली. खड्डा मातीपर्यंत गेला तेव्हा घमेल्यातही चांगला ढीग झाला होता. तिने तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. एवढ्याशा खड्ड्यातून एवढं कसं निघालं, असा एक विचार माशीसारखा आला आणि तिने तो माशीसारखाच हाकलला.

मग सगळी खडी पोत्यात भरून तिने गाडीतल्या लटकत्या काट्याला अडकवली. बावीस किलो. खड्ड्यात पातळ प्लास्टिक अंथरलं, बोटांनी कडेकडेने बसवलं, आणि लिटरच्या मापाने पाणी ओतायला लागली. खड्डा दहा मापांनी काठोकाठ भरला.

दहा लिटर जागा, बावीस किलो खडी.

ताई उकिडवी बसून राहिली. सोळा किलो यायला हवे होते. घनमीटरला एक पूर्णांक सहा टन. हा आकडा तिला बाराखडीइतका पाठ होता. बाबांनी शिकवलेला, आयुष्यभर चाललेला. तिने काटा पुन्हा तपासला. सिमेंटची पन्नास किलोची न फोडलेली गोणी अडकवली, काट्याने पन्नास दाखवले. काटा ठीक होता.

तिने पाणी काढलं, प्लास्टिक काढलं, आणि पोतं खड्ड्यात रिकामं करायला घेतलं. खड्डा भरला. पोत्यात अजून चौथ्या हिश्श्याहून जास्त खडी शिल्लक होती. याच खड्ड्यातून निघालेली, एक कणही बाहेरचा नाही, आणि ती याच खड्ड्यात मावत नव्हती. मोकळी झाली की फुगते, दाबली की बसते. हे तिला ठाऊक नव्हतं का? शेंबड्या पोराला ठाऊक असतं. एक पूर्णांक सहा हे मोकळ्या खडीचं वजन. दाबलेलीचं दोन पूर्णांक दोन.

तिने मोबाइल काढून हिशेब केला, कारण तोंडी करायची हिंमत नव्हती. एकशेवीस चौरस मीटर, पंधरा सेंटिमीटरला थोडं कमी, म्हणजे अठरा घनमीटरच्या आत. गुणिले दोन पूर्णांक दोन. एकोणचाळीस.

एकोणचाळीस टन. पाठवला तेवढा. सगळाच्या सगळा तिच्या पायाखाली होता. मामाने एक खडासुद्धा खाल्ला नव्हता. टायर खरोखरच बसला होता.

"धाकट्या," ती म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता की धाकटा घाबरून उठला. "ऑर्डर देताना तू मला फोन केला होतास. काय विचारलं होतंस?"

"लांबी तीस, रुंदी चार, जाडी वीस. घनफळ चोवीस. म्हटलं गुणिले किती, तर तू म्हणालीस एक पूर्णांक सहा. अडतीस आणि काही आले, मी एकोणचाळीस मागवले."

"जाडी वीस कुठून आणलीस?"

"नकाशातून. दाबून वीस असं लिहिलंय त्यात."

दाबून वीस. बाबा कधीच दाबून बोलत नसत. बाबा डंपरमधून ओतल्यावर किती उंच पसरायची तेच बोलत. वीसचा थर हवा असला की ते म्हणत, साडेसत्तावीस पसरा. मग साडेसत्तावीस धरून घनफळ काढत, आणि त्याला एक पूर्णांक सहाने गुणत. त्यांचं उत्तर चुकत नसे, कारण त्यांची जाडी मोकळी होती आणि वजनही मोकळं होतं. धाकट्याने जाडी नकाशातली दाबलेली घेतली आणि वजन घरचं मोकळं घेतलं. आणि ते वजन त्याला दिलं कुणी? दुसऱ्या साइटवर, मिक्सरच्या गोंगाटात, कसली जाडी धरलीयस एवढं एक वाक्य न विचारता, दिलं कुणी?

"चोवीस गुणिले दोन पूर्णांक दोन," ती म्हणाली. "त्रेपन्न टन लागणार होते. चौदा कमी मागवले आपण. मी."

धाकट्याला उलगडायला क्षणभर लागला. मग त्याच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली आणि नंतर भीती. "मग मामा..."

"हो, मामा."

"ऐक ना," तो घाईघाईने म्हणाला. "मालकाला फोन करून सांगू की मोजण्यात गडबड झाली, प्रकरण मिटवा. चौदा टन आणखी मागवू. त्याला परत घेतील. माणसं विसरतात गं. एवढं काय मोठं झालं नाहीये."

ताई उठली. सगळा राग आता जागच्या जागी फिरून तिच्याकडे आला होता आणि त्याला द्यायला तिच्याकडे दुसरं कुणाचं नाव नव्हतं. तरी सवयीने ती धाकट्यावरच ओरडली. "चोर फोनवर म्हटलं ते चार लोकांनी ऐकलं, आणि चुकलं ते कानात सांगायचं? वरचा थर खरवडून ठेवा. नवी खडी दाबलेल्यावर नुसती ओतली तर धरणार नाही. मी येईपर्यंत रोलरला हात लावायचा नाही!"

खाणीवर काट्यापुढे डंपर उभे होते. मालक पत्र्याच्या खोपटाबाहेर खुर्ची टाकून बसला होता, आणि मामा थोड्या अंतरावर एका मोठ्या दगडावर. त्याच्या गाडीतलं त्याचं सामान त्याच्या पायाशी होतं. पाण्याची बाटली, टॉवेल, बसायची गादी. माणसाने गाडीतून गादी काढली म्हणजे परत चढायची आशा सोडली.

"आणलात का आकडा?" मालक म्हणाला.

"आणलाय." ताई मालकाकडे गेलीच नाही. ती रांगेच्या मधोमध उभी राहिली आणि फोनवर जेवढ्या मोठ्याने बोलली होती तेवढ्याच मोठ्याने बोलली. "ऐका सगळ्यांनी. मामाने माल मारलेला नाही. एक किलोसुद्धा नाही. एकोणचाळीस टन निघाला, एकोणचाळीस टन माझ्या साइटवर आहे, मी खणून आणि तोलून आले. ऑर्डर माझी चुकली. दाबलेल्या थराला मी मोकळ्या खडीचं वजन लावलं आणि चौदा टन कमी मागवले. मी शहानिशा न करता या माणसाला चोर म्हटलं. मी खोटं बोलले."

लोडरवाल्याने लोडर थांबवला होता. कुणी हसलं नाही, हसलं असतं तर बरं झालं असतं. एका ड्रायव्हरने खिडकीतून थुंकून तोंड फिरवलं.

मालकाने हात झटकले. "जाऊ द्या हो. होतं कधी कधी. मामा, घे चावी. झालं गेलं गंगेला मिळालं."

मामा उठला. त्याने गादी उचलली, झटकली, काखेत मारली. ताई त्याच्यासमोर गेली. "मामा," ती म्हणाली, "मला..."

"चौदा टन ना?" मामा तिच्या डोक्यावरून मालकाकडे पाहत म्हणाला. "भरा."

साइटपर्यंत ती त्याच्या डंपरमागे स्वतःच्या गाडीतून आली. वाटेत तो कुठे थांबला नाही. इतका सरळ आणि इतका सावकाश चालवत होता की मागची माणसं भोंगे वाजवून दमली. जणू त्याला ती मागे आहे आणि बघते आहे हे पक्कं ठाऊक होतं, आणि तिने बघावं असंच त्याला वाटत होतं. ताईला स्वतःचे कान धरून उपटावेसे वाटत होते.

धाकट्याने थर खरवडून ठेवला होता, सांगितल्याप्रमाणे. मामाने मागे वळून न विचारता गाडी बरोबर जागेवर घेतली, मागचा हौदा उचलला, आणि पुढे सरकत सरकत सगळी खडी रस्त्यावर सारखी ओतली. पंचवीस-तीस वर्षांचा हात होता तो. शेवटची चुरी पत्र्यावरून सरसरत खाली आली. त्याने हौदा खाली घेतला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

"मामा, चुकलं माझं," ताई म्हणाली. "तुम्हाला काय हवं ते बोला. शिव्या द्या."

"चढ वर," मामा म्हणाला.

"काय?"

"शिडीवरून वर चढ आणि आत बघ. कोपऱ्यात बघ, कडेला बघ. कुठे काही दडवलंय का बघ."

"मामा, मला नाही बघायचं."

"मला दाखवायचंय!" तो असा ओरडला की रोलरवाल्याच्या हातातला कपडा खाली पडला. इतक्या वर्षांत त्याला कुणी ओरडताना ऐकलं नव्हतं. "यापुढे मी जिथे जिथे माल टाकीन तिथे तिथे हे लोक माझ्या गाडीत डोकावणार आहेत. कुणी बोलून, कुणी न बोलता. तू सुरुवात केलीस ना? मग पहिलं तू बघ."

ताई चढली. शिडीचे गज चुरीने पांढरे झाले होते. वरच्या कडेवर पोट टेकून तिने आत पाहिलं. घासून घासून चकचकीत झालेला पत्रा, आणि त्यावर काही नाही. तिने कोपऱ्यात पाहिलं. कडेला पाहिलं. त्याने सांगितलं होतं म्हणून नीट, सावकाश पाहिलं, आणि तिला पुढचं दिसेना.

"काही नाही, मामा," ती वरूनच म्हणाली.

"मग उतर," मामा म्हणाला. "मला दुसरीकडे खेप आहे."